एका कॉर्डची दोन नावे : हार्मोनिक विश्लेषणाच्या तोंडी परीक्षेची तयारी

हार्मोनिक विश्लेषणाचा लेखी भाग पूर्ण झाला, प्रत्येक कॉर्डखाली रोमन आकडा पडला आणि प्रत बांधून दिली, की परीक्षार्थीला आपले काम संपले असे वाटते. तोंडी परीक्षेत मात्र परीक्षक आकडे तपासत बसत नाहीत, ते त्यांनी आधीच तपासलेले असतात. ते विचारतात, हाच आकडा का, दुसरा का नाही, आणि दुसरा लिहिला असता तर तुमच्या म्हणण्यात काय बदलले असते. या प्रश्नांची तयारी लेखी विश्लेषणाच्या तयारीपेक्षा निराळी असते. सांगलीत माझ्याकडे पियानो आणि संगीतशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलामुलींकडून ती मी कशी करून घेतो, ते एकाच रचनेच्या आधारे सविस्तर लिहितो.

रचना घेतली आहे शोपँची, ओपस 28 मधील विसावी प्रील्यूड, सी मायनरमधली. चोवीस प्रील्यूड्सचा हा संच 1839 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली ही प्रील्यूड अवघ्या 13 बारची आहे, गती लार्गो आहे आणि जवळजवळ प्रत्येक ठोक्याला एक पूर्ण कॉर्ड आहे. पहिले चार बार अतिशय मोठ्या आवाजात, पुढचे चार हळू, नंतर तेच चार बार आणखी हळू, आणि शेवटी एकच कॉर्ड. पियानो नसेल तर हार्मोनियमवरही हिच्या कॉर्ड्स दाबून पाहता येतात. डाव्या हाताचे खर्जातले जोडसूर मिळत नाहीत एवढेच. परीक्षार्थींना ही रचना सोपी वाटते, कारण आकडे अर्ध्या तासात लिहून होतात. परीक्षकांना ती आवडते, कारण त्या अर्ध्या तासात विद्यार्थ्याने नकळत चार ठिकाणी निवड केलेली असते.

पहिले काम : निवडीच्या जागा शोधणे

आपल्या विश्लेषणाची एक कोरी छायाप्रत घ्यावी, बारना क्रमांक घालावेत आणि पेन्सिल हातात घेऊन प्रत्येक कॉर्डला एकच प्रश्न विचारावा : माझ्याइतकाच शिकलेला, शुद्धीवर असलेला दुसरा माणूस येथे वेगळे नाव देऊ शकेल का? उत्तर 'नाही' असेल तर पुढे जावे. पहिल्या बारमध्ये सी मायनर, एफ मायनर, जी-सेव्हन आणि पुन्हा सी मायनर आहे. तिथे वादाला जागा नाही, आणि जिथे वाद नाही तिथे बचाव पाठ करण्यात वेळ घालवू नये. उत्तर 'हो' असेल तिथे वर्तुळ काढावे.

या रचनेत माझ्या मते चारच वर्तुळे पडतात. दुसरा बार कोणत्या कीमध्ये आहे हे पहिले, तिसऱ्या बारमधला शेवटचा सूर हे दुसरे, पाचव्या बारपासून खाली उतरणारा बास हे तिसरे आणि आठव्या बारमधली डी फ्लॅटची कॉर्ड हे चौथे. पहिले आणि चौथे वर्तुळ एकमेकांना बांधलेले आहे, आणि तोंडी परीक्षेत खरी परीक्षा होते ती तिथेच. म्हणून त्यांच्यावर अधिक थांबतो.

वर्तुळे वीस पडली, तर बहुधा कॉर्डमध्ये न बसणाऱ्या प्रत्येक सुराला विद्यार्थ्याने वाद समजले आहे. एकही पडले नाही, तर त्याने नावे कानाने दिलेली नाहीत, तक्त्यावरून उतरवली आहेत. दोन्ही वेळा लेखी विश्लेषण बाजूला ठेवून पुन्हा वाद्यावर बसावे.

दुसरा बार : माझी स्वतःची फजिती

दुसऱ्या बारमध्ये ए फ्लॅट मेजर, डी फ्लॅट मेजर, ई फ्लॅट-सेव्हन आणि पुन्हा ए फ्लॅट मेजर अशा चार कॉर्ड्स आहेत. माझ्या परीक्षेच्या वेळी मी त्याखाली 'ए फ्लॅट मेजरमध्ये मॉड्युलेशन' असे ठसठशीत लिहिले होते. परीक्षकांनी मला पहिले दोन बार वाजवायला सांगितले, हात वर उचलायला लावले आणि शांतपणे म्हणाले, "आता षड्ज गा." मी बिनधास्त सी गायलो. "मग की बदलली कुठे?" या त्यांच्या पुढच्या प्रश्नावर मी जे काही बोललो, ते आज आठवले तरी कान गरम होतात. चूक मॉड्युलेशन लिहिण्यात नव्हती, कारण त्या मताच्या बाजूनेही बोलता येते. चूक ही होती, की जी परीक्षा परीक्षकांनी अर्ध्या मिनिटात घेतली, ती मी घरी एकदाही घेतली नव्हती.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना प्रत्येक वर्तुळापाशी दोन्ही वाचने पूर्ण ताकदीने लिहायला लावतो. विरोधी वाचन मुद्दाम दुबळे लिहून ते सहज खोडून काढायचे, ही पळवाट परीक्षक लगेच ओळखतात.

पहिले वाचन असे : दुसरा बार ए फ्लॅट मेजरमध्ये आहे आणि आकडे I, IV, V7, I आहेत. याचा सर्वांत भक्कम आधार पहिला बार आहे. तिथला आराखडा i, iv, V7, i असा आहे आणि दुसरा बार नेमका तोच आराखडा दुसऱ्या षड्जावर मांडतो. बासही त्याच उड्या मारतो. शिवाय बारमधले सगळे सूर ए फ्लॅट मेजरचे आहेत. सी मायनरचा शुद्ध निषाद, म्हणजे बी, इथे येतच नाही.

दुसरे वाचन असे : आपण सी मायनरमध्येच आहोत. ए फ्लॅट ही सहाव्या अंशावरची कॉर्ड आहे आणि ई फ्लॅट-सेव्हन हा तिचा तात्पुरता पंचम, म्हणजे V7/VI आहे. आधार असा, की हे सगळे एका बारमध्ये, चार ठोक्यांत आटोपते. त्यानंतर लगेच तिसरा बार जी-सेव्हनने सुरू होतो. आणि ऐकणाऱ्याच्या कानातला जुना षड्ज पुसला जाण्याइतका वेळच मिळत नाही.

या दुसऱ्या वाचनात जे घडते त्याला टॉनिसायझेशन म्हणतात : एखाद्या अंशाला क्षणभर षड्जाचा मान देणे, पण घर न बदलणे. बहुतेक विद्यार्थी हा शब्द मिळाला की सुटकेचा निःश्वास टाकतात आणि इथेच फसतात, कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मॉड्युलेशन आणि टॉनिसायझेशन यांच्यातली रेषा तुम्ही कुठे ओढता? त्याचे उत्तर याच रचनेतून द्यावे. नव्या षड्जावर स्वतंत्र वाक्य पूर्ण होते का, ते वाक्य पुन्हा एकदा पक्के केले जाते का, आणि तिथून परतायला वेगळा प्रयत्न करावा लागतो का, या तीन गोष्टी मी पाहायला सांगतो. दुसऱ्या बारमध्ये पहिली अर्धीमुर्धी आहे, दुसरी नाही, तिसरीही नाही. म्हणून मी टॉनिसायझेशन म्हणतो. ज्याला मॉड्युलेशन म्हणायचे असेल त्याने म्हणावे, पण मग 'परत कोणत्या कॉर्डवर आलात' या प्रश्नाला बोट ठेवून उत्तर द्यावे लागेल.

षड्ज गाण्याची चाचणी, आणि तिच्यातली खोट

ही चाचणी घरी घ्यायची ती अशी. पहिले दोन बार वाजवायचे, थांबायचे, तीन-चार सेकंद काहीही न वाजवता जो सूर 'घर' वाटतो तो गायचा आणि मगच वाद्यावर ताडून पाहायचा. दुसऱ्या दिवशी फक्त दुसरा बार वाजवून तेच करायचे. बहुतेकांना दुसऱ्या दिवशी ए फ्लॅट सापडतो आणि पहिल्या दिवशी सी. हा फरकच तुमचा पुरावा आहे, कारण तो बार एकटा ऐकला तर ए फ्लॅटचा आणि संदर्भात ऐकला तर सीचा वाटतो, हे त्यातून दिसते.

आपल्या भागात, विशेषतः ज्यांच्या घरी गाणे आहे त्यांच्याकडे, ही चाचणी तंबोरा किंवा श्रुतिपेटी सी वर लावून घेण्याची सवय असते. पलीकडे मिरजेत तंबोरे बनवणाऱ्यांची आख्खी गल्ली असल्यावर दुसरे काय होणार! पण तसे करू नये. सीचा सूर सतत चालू असला की निकाल आधीच लागलेला असतो, कारण सी हा ए फ्लॅट कॉर्डचाही घटक आहे. तो तिथे खुपत नाही आणि कानाला जुन्या षड्जावर बांधून ठेवतो. एका विद्यार्थिनीने तिच्या लेखी विश्लेषणात 'तंबोऱ्यावर तपासले' असे अभिमानाने लिहिले होते. मी तिला ते वाक्य काढायला लावले, कारण परीक्षकाने 'ही चाचणी निःपक्ष आहे का' असे विचारले असते तर तिचा पुरावाच तिच्यावर उलटला असता.

याच ठिकाणी महाराष्ट्रातला परीक्षक आणखी एक प्रश्न विचारू शकतो आणि तो अवघड आहे. सी हा षड्ज धरला, तर दुसऱ्या बारमधले सूर म्हणजे सा, कोमल रे, कोमल ग, म, प, कोमल ध आणि कोमल नि. ही तर भैरवी झाली! मग शोपँ ए फ्लॅट मेजरमध्ये गेला असे म्हणायचे, की सीवरच राहून भैरवीचे सूर लावतो आहे असे म्हणायचे? हा प्रश्न थट्टेवारी नेऊ नये. सुरांचा संच एकच आहे हे आधी मान्य करावे, कारण ते खरेच आहे. मग सांगावे की संच षड्ज ठरवत नाही, विसावा ठरवतो. या बारमध्ये बास ई फ्लॅटवरून ए फ्लॅटवर येऊन थांबतो आणि ई फ्लॅट-सेव्हनमधला डी फ्लॅट खाली सीवर सुटतो. ही विश्रांती ए फ्लॅटची आहे. भैरवीत कोमल धैवतावर अशी बैठक घातली, तर ऐकणारा मूर्च्छना बदलली असेच म्हणेल. म्हणजे भैरवीचा दाखला शेवटी टॉनिसायझेशनच्याच बाजूने साक्ष देतो.

आठवा बार : तीच कॉर्ड, वेगळे नाव

आता चौथे वर्तुळ. आठव्या बारमध्ये ए फ्लॅट मेजर, डी फ्लॅट मेजर, जी-सेव्हन, सी मायनर अशा कॉर्ड्स आहेत. पहिल्या दोन कॉर्ड्स दुसऱ्या बारमधल्याच आहेत, त्याच क्रमाने. दुसऱ्या बारमध्ये आपण डी फ्लॅटला IV म्हटले. इथे बहुतेक जण तिला ♭II, म्हणजे नेपोलिटन म्हणतात. परीक्षक दोन्ही बारवर बोट ठेवून विचारतात, "सूर तेच, क्रम तोच. नाव वेगळे का?"

या प्रश्नाचे उत्तर 'कारण पुढे जी-सेव्हन येते' एवढेच दिले तर ते बरोबर आहे, पण अपुरे आहे. खरे उत्तर कॉर्डच्या आत आहे. डी फ्लॅट कॉर्डमध्ये डी फ्लॅट, एफ आणि ए फ्लॅट असे तीन सूर आहेत. दुसऱ्या बारमध्ये पुढची कॉर्ड ई फ्लॅट-सेव्हन आहे : ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी फ्लॅट. दोघींतला सामाईक सूर डी फ्लॅट. म्हणजे कॉर्डचा पायाच पुढच्या कॉर्डचा सातवा सूर बनतो आणि मग सीवर सुटतो. आठव्या बारमध्ये पुढची कॉर्ड जी-सेव्हन आहे : जी, बी, डी, एफ. इथे सामाईक सूर एफ आहे आणि डी फ्लॅटला जागाच उरत नाही. त्याच्या जागी शुद्ध डी आणि बी आले आहेत. पहिल्या वेळी जो सूर पूल होता, तोच दुसऱ्या वेळी मोडावा लागतो. म्हणून नाव बदलले.

ही गोष्ट वाद्यावर दाखवता आली पाहिजे, नुसती बोलून चालणार नाही. ए फ्लॅट आणि डी फ्लॅट या दोन कॉर्ड्स दाबून थांबावे आणि परीक्षकांना म्हणावे, "इथपर्यंत दोन्ही बार सारखे आहेत." मग एकदा ई फ्लॅट-सेव्हन व ए फ्लॅट वाजवावे आणि एकदा जी-सेव्हन व सी मायनर. वाजवताना डी फ्लॅटची पट्टी कोणत्या वेळी धरून ठेवता येते आणि कोणत्या वेळी सोडावी लागते, ते बोटांनाच कळते. परीक्षकांनाही ते दिसते.

यावर येणारा दुसरा प्रश्न नेपोलिटनच्या मांडणीचा. शाळेतल्या व्याख्येप्रमाणे ही कॉर्ड बहुधा पहिल्या इन्व्हर्जनमध्ये येते, म्हणजे बासमध्ये एफ असतो आणि तो सहज एक पायरी चढून जीवर जातो. इथे बासमध्ये डी फ्लॅट आहे आणि तो जीवर उडी मारतो; हे अंतर ट्रायटोनचे आहे आणि कानाला टोचते. "मग ही नेपोलिटन कशी?" असे विचारले, तर घाबरून नाव मागे घेऊ नये. इन्व्हर्जन हे नेहमीचे लक्षण आहे, अट नव्हे. आणि इथे मूळ स्थिती ठेवण्याला रचनेतच कारण आहे : दुसऱ्या बारमधली बासची ए फ्लॅट ते डी फ्लॅट ही उडी जशीच्या तशी यायला हवी, म्हणजे कानाला आधीची आठवण होते आणि तो ई फ्लॅटची वाट पाहतो. बासमध्ये एफ घातला असता तर ती आठवण झालीच नसती. हे पटवायला एकदा बासमध्ये एफ घेऊन वाजवून दाखवावे. जोड मऊ होतो, पण दुसऱ्या बारशी असलेले नाते तुटते. मला स्वतःला ही या रचनेतली सर्वांत हुशार जागा वाटते.

तिसरा प्रश्न क्वचित येतो, पण आला तर मार्क तिथेच ठरतात : डी फ्लॅट वाजत असताना, पुढची कॉर्ड अजून आलेली नसताना, ती IV आहे की ♭II? याचे प्रामाणिक उत्तर असे, की त्या ठोक्याला ती दोन्ही असू शकते आणि कानाचा कल IV कडे असतो, कारण आधी तसेच ऐकले आहे. कागदावरचे नाव हे मागे वळून दिलेले नाव आहे. हे उत्तर 'दोन्ही बरोबर' या गुळमुळीत उत्तरापेक्षा वेगळे आहे, कारण यात कोणते नाव केव्हा आणि कशामुळे लागू होते हे सांगितले आहे. नुसते 'दोन्ही बरोबर' म्हणणाऱ्याला परीक्षक पुढे काहीच विचारत नाहीत, आणि ते चांगले लक्षण नाही.

तिसऱ्या बारचा शेवटचा सूर : आधी प्रत, मग मत

तिसऱ्या बारमध्ये जी-सेव्हननंतर सी मेजरची कॉर्ड येते, तिच्यात शुद्ध ई आहे. मग एफ मायनर. आणि चौथ्या ठोक्याला पुन्हा सी वरची कॉर्ड. या शेवटच्या कॉर्डमधला ई शुद्ध की फ्लॅट, हा जुना वाद आहे. काही छापील प्रतींत फ्लॅट आहे, काहींत नाही. फ्लॅटच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा म्हणजे शोपँची शिष्या जेन स्टर्लिंग हिच्या प्रतीत पेन्सिलने घातलेली फ्लॅटची खूण. विरुद्ध बाजूला लेखनाचा साधा नियम आहे : बारमध्ये आधी शुद्ध केलेला सूर, चिन्ह नसेल तर, बार संपेपर्यंत शुद्धच राहतो. शोपँने खूण लिहायची राहून गेली असे म्हणणारे आणि मुद्दाम लिहिली नाही असे म्हणणारे, दोघेही याच नियमावर उभे आहेत.

परीक्षार्थीने यात न्यायाधीश होण्याची गरज नाही. त्याने तीन गोष्टी कराव्यात. आपण कोणती छापील प्रत वापरली हे लेखी विश्लेषणाच्या पहिल्या पानावर लिहावे. त्या प्रतीत काय आहे ते डोळ्यांनी पाहावे. इंटरनेटवरच्या व्हिडिओवरून विश्लेषण लिहिणाऱ्यांची इथे हमखास दांडी उडते, कारण वादक एक वाजवतो आणि टेबलावरची प्रत दुसरेच सांगते. आणि तिसरे म्हणजे, दोन्ही सुरांनी आपल्या आकड्यांत काय फरक पडतो तो आधीच मांडून ठेवावा. शुद्ध ई असेल तर तिसऱ्या बारमध्ये सी मेजर, एफ मायनर, सी मेजर असा क्रम होतो आणि एफ मायनरच्या पंचमाची ओढ बार संपेपर्यंत टिकते. ई फ्लॅट असेल तर एफ मायनरनंतर आपण सी मायनरवर, म्हणजे घरी, येऊन पोचतो आणि चौथ्या बारमध्ये जीकडे निघण्याआधी पाय एकदा उंबऱ्याला लागतो.

हे मांडून झाल्यावर एक मोह आवरावा. ई फ्लॅट घेतला की चौथ्या बारच्या जी मेजरमध्ये जायला सी मायनर ही iv म्हणून सोयीची पडते, म्हणून फ्लॅटच बरोबर, असा युक्तिवाद विद्यार्थी उत्साहाने करतात. पण सी मेजरही तिथे IV म्हणून तितकीच सोयीची पडते. जो पुरावा दोन्ही बाजूंना चालतो तो पुरावाच नव्हे, आणि परीक्षक हे एका वाक्यात दाखवून देतात.

उतरणारा बास : नाव न देण्याचा बचाव

पाचव्या बारपासून बास सीपासून अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली जीकडे उतरत जातो. इथे प्रत्येक कॉर्डला रोमन आकडा देता येतो, पण त्यातले काही आकडे ओढूनताणून बसवलेले वाटतात. मी इथे बासच्या रेषेला मुख्य मानायला सांगतो : षड्जापासून पंचमापर्यंत अर्ध्या सुरांनी उतरणारा बास हा विलापाच्या गाण्यांत शोपँच्या कितीतरी आधीपासून वापरला गेला आहे, आणि वरच्या कॉर्ड्स त्या उतरणीवर स्वार झालेल्या आहेत. परीक्षकांचा प्रश्न असतो, "आकडे लिहिले नाहीत, म्हणजे येत नाहीत का?" म्हणून सगळे आकडे एका वेगळ्या कागदावर लिहून तयार ठेवावेत, मागितले तर दाखवावेत, आणि ते आकडे काय सांगत नाहीत हे एका वाक्यात सांगावे : ते उतरण सांगत नाहीत. नऊ ते बारा हे बार पाच ते आठचीच पुनरुक्ती आहेत, त्यांचे वेगळे विश्लेषण लिहून पाने वाढवू नयेत. फरक आवाजाच्या पातळीचा आहे, तेवढा बोलावा.

बोलण्याचा सराव

लेखी तयारी झाली की उत्तरे तोंडी बसवायची. प्रत्येक वर्तुळासाठी दीड मिनिटाचे उत्तर पुरते. त्याची बांधणी मी अशी ठेवायला लावतो : आधी बार आणि ठोका सांगायचा, मग कॉर्डमधले सूर, मग आपले नाव, मग विरोधी नाव आणि त्याचा सर्वांत चांगला आधार, आणि मग आपण आपल्या नावावर का राहिलो ते. सूर नावाच्या आधी सांगण्याला कारण आहे. 'हा नेपोलिटन आहे' असे सुरू करणारा विद्यार्थी व्याख्येच्या बचावात अडकतो. 'डी फ्लॅट, एफ, ए फ्लॅट' असे सुरू करणारा रचनेबद्दल बोलत राहतो.

सराव परीक्षेसाठी मी मुद्दाम रोमन आकडे न येणारा माणूस बसवतो. गेल्या वेळी मिरजेचे एक जुने संवादिनीवादक आले होते. विद्यार्थिनीने आठव्या बारबद्दल छान पाठ केलेले उत्तर दिले. ते ऐकून ते म्हणाले, "बाळ, ते आकडे राहू दे. मला सांग, कोमल रिषभावरून तू एकदम पंचमावर गेलीस, मधला षड्ज का नाही घेतलास?" ती गडबडली, मग पेटीपाशी गेली, डी फ्लॅट आणि जी-सेव्हनच्या मध्ये सी मायनरची कॉर्ड घालून वाजवली आणि स्वतःच म्हणाली, "काका, मध्ये घेतला तर घरी आधीच पोचतो, मग जी-सेव्हनला काही कामच उरत नाही." तिच्या लेखी विश्लेषणात हे वाक्य नव्हते. मी ते त्याच दिवशी आठव्या बारच्या समासात लिहून घ्यायला लावले.

परीक्षेच्या दिवशी जवळ ठेवायचे ते थोडे असते. बार क्रमांक घातलेली, चार वर्तुळे असलेली पेन्सिलची प्रत. लेखी विश्लेषणाची दुसरी प्रत. आणि उतरणाऱ्या बासच्या आकड्यांचा तो वेगळा कागद. आकडे कोणत्या पद्धतीने लिहिले आहेत, मेजरला मोठी आणि मायनरला लहान अक्षरे की सगळी मोठीच, नेपोलिटनला ♭II की N, हे पहिल्या पानावर असावे, नाहीतर पहिली पाच मिनिटे त्यातच जातात. परीक्षकांनी विरोधी वाचन मांडले, तर आधी ते वाजवून पाहण्याची परवानगी मागावी. वाजवल्यावर ते खरोखर पटले तर तसे सांगावे आणि त्यामुळे आपल्या विश्लेषणातले दुसरे कोणते आकडे बदलतात तेही लगेच सांगावे. दुसऱ्या बारचे नाव बदलले तर आठव्या बारबद्दलचे आपले म्हणणेही हलते, हे न सांगता नुसता होकार दिला तर तो शिष्टाचार ठरतो. पटले नाही तर बोट पुन्हा डी फ्लॅटवर ठेवावे आणि तिथून बोलायला सुरुवात करावी.